आधी खा, मग जा

‘पोट साफ झाल्याशिवाय घास उतरत नाही’ म्हणणारं एक माणूस बहुतेक घरांत असतं. ज्यांचं पोट उठल्या उठल्या साफ होतं त्यांचं ठीक आहे. बाकीच्यांचा मात्र क्रम उलटा झालेला असतो, कारण कळ येण्यासाठीच आधी पोटात काहीतरी जावं लागतं.

रात्री मोठं आतडं जवळजवळ निजलेलं असतं. जाग आली की तेही हलू लागतं. अन्नाने जठर ताणलं गेलं की मज्जातंतू आणि संप्रेरकं यांच्यामार्फत मोठ्या आतड्याला निरोप जातो आणि ते पुढचा मळ गुदाशयाकडे ढकलू लागतं. हा परिणाम साधारण अर्ध्या तासात जाणवतो आणि सकाळी विशेष जोरात असतो. नुसत्या चहाने काहींचं काम होतं, पण पोटभर न्याहारीचा धक्का मोठा.

समजा, कल्याणच्या एका बाईंना 7.30 ची लोकल गाठायची आहे. त्या सहाला उठतात, उपाशीपोटी वीस मिनिटं मोबाईल घेऊन संडासात बसतात, कुंथतात आणि तशाच निघतात. दहाला ऑफिसात उपमा खाल्ला की कळ येते. पण तिथलं स्वच्छतागृह नको वाटतं, म्हणून त्या दाबून धरतात. थोड्या वेळाने कळ विरते, मळ मात्र आतच राहतो. आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि दुसऱ्या दिवशी खडा होतो. रोज असं केलं की कळेची जाणीवच बोथट होते. आयुर्वेदाने अडवू नयेत अशा तेरा वेगांत मळाचा वेग घातला, तो उगाच नाही.

या बाईंनी फक्त क्रम बदलायचा. उठल्यावर पाणी, सव्वासहाला पोहे किंवा भाजी-पोळी आणि चहा, साडेसहाच्या सुमारास संडास. मध्येच कळ आली तर घड्याळ न बघता उठायचं. कमोड असेल तर पायांखाली वीतभर उंचीचं स्टूल घ्यावं (पाट त्यासाठी जरा बुटका पडतो), गुडघे कमरेच्या वर यावेत आणि किंचित पुढे झुकावं. उकिडवं बसल्यासारखं झालं की गुदाशयाचा वाकलेला मार्ग सरळ होतो. दहा मिनिटांत झालं नाही तर उठावं. कुंथत बसण्यातून मूळव्याधच वाढते. मोबाईल बाहेरच ठेवावा.

सवय लागायला काही आठवडे जातात. सुट्टीच्या दिवशी न्याहारी अकराला गेली की घडी विस्कटते, असा अनुभव पुष्कळांना येतो. जेवणात भाज्या, फळं, डाळी नसतील तर पुढे ढकलायलाच काही नसतं, तेव्हा वेळ पाळूनही उपयोग होत नाही. लोहाच्या गोळ्या किंवा काही वेदनाशामकंही मळ घट्ट करतात. शौचातून रक्त जात असेल, वजन आपोआप घटत असेल किंवा पन्नाशीच्या आसपास जुनी सवय एकाएकी बदलली असेल, तर न्याहारीचे प्रयोग करत न बसता डॉक्टरांना दाखवावं.