जिन्याचा पहिला आणि शेवटचा चढ

लोखंडी जिन्याचं कापकाम सुरू होण्याआधी त्याची शॉप ड्रॉइंग सल्लागार अभियंत्याकडे तपासायला येतात. समजा, मजल्याची उंची ३३०० मिलिमीटर आहे आणि १६५ चे २० चढ आहेत. बाजूचे चॅनेल डिझाइनबरहुकूम, म्हणून ‘मंजूर’. कठड्याच्या खांबाचं वेल्डिंग ४ ऐवजी ६ मिलिमीटर हवं. आकडा लाल पेनने सुधारला की ‘नोंदीनुसार मंजूर’.

पायऱ्या मात्र नामंजूर.

फॅब्रिकेटरने उंची स्लॅब ते स्लॅब धरली. दोन्ही मजल्यांवर फरशीचा थर ७५, पायरीवर दगड जेमतेम २५. म्हणजे पहिला चढ ११५ आणि शेवटचा २१५! पडायला एवढा फरक पुरे. इथे नुसतं ‘चूक’ लिहून भागत नाही. शेरा असा हवा: ‘चढ तयार फरशीपासून मोजा, सगळे समान ठेवा, ड्रॉइंग पुन्हा सादर करा.’

शिक्का मिळाला तरी मापांची जबाबदारी सहसा फॅब्रिकेटरचीच राहते.