पंखा मंदावला? आधी पाते हाताने फिरवून पाहा

उन्हाळा सुरू झाला की माळ्यावरचा टेबल फॅन खाली येतो आणि बटण दाबल्यावर नुसता घूं घूं करत राहतो. आमच्या अम्मीच्या खोलीतल्या पंख्याचे यंदा तेच झाले. बोटाने धक्का दिला की फिरायचा, पण तीन नंबरवरही वारा एक नंबरचाच. शेजाऱ्यांनी सांगितले, कपॅसिटर गेला. नवा बसवला, तरी फरक पडला नाही.

खरे तर आधी प्लग काढून पाते हाताने फिरवून पाहायचे होते. पाते सहज फिरते आणि हळूहळू थांबते, तरीही पंखा धक्क्याशिवाय सुरू होत नाही, असे असेल तर कपॅसिटरवर संशय घ्यावा. पाते जड लागते, सोडताच थांबते, तर बुश कोरडे पडले आहेत. आमचे पाते अर्धी फेरीही घेत नव्हते.

पुढची जाळी काढली. पात्यावरची टोपी नेहमीच्या उलट, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सैल होते. अनेकजण इथेच जोर लावून ती फोडतात. पाते काढल्यावर शाफ्टला केसांचा गुंता आणि काळा, चिकट थर दिसला. गेल्या वर्षी कुणीतरी खोबरेल घातले होते! ते काही महिन्यांत घट्ट होते आणि वर धूळ धरते. शाफ्ट पुसून शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुढच्या बुशला दिले, मागचे झाकण काढून तेवढेच मागच्या बुशला. बुशभोवती नमद्याची चकती असते, ती तेल शोषून पुरवत राहते, म्हणून जास्त ओतू नये. जादा तेल वायंडिंगवर जाते. पाते हाताने थोडा वेळ फिरवत राहिलो, तेव्हा ते मोकळे झाले. शाफ्ट आडवा हलत असता, तर बुश झिजला असे समजून तो बदलावाच लागला असता. घूं घूं करणारा पंखा मात्र तसाच चालू ठेवू नका, मोटार तापून वायंडिंग जळते.

वेग आला, पण मान वळेना. वरची खुंटी दाबली की मागून टिकटिक ऐकू यायची. मोटारीच्या मागे छोटी पेटी असते. शाफ्टवरच्या आट्या तिच्यातले प्लॅस्टिकचे चाक फिरवतात आणि खालची दांडी मान वळवते. चाकाचे तीन दात गेले होते. मुले खुंटी दाबलेली असतानाच मान हाताने आपल्याकडे ओढतात, तो सगळा ताण या दातांवर येतो. जुने चाक दुकानात नेऊन, दात मोजून, तसेच घेतले. पेटीत तेल नव्हे, ग्रीस भरले, कारण तेल गळून जाते.

अम्मीने आता खुंटीवर कापडाची चिंधी बांधली आहे. मुलांना तिला हात लावायचा असेल, तर आधी तिची परवानगी घ्यावी लागते.