रूट कॅनलनंतरची कळ : नेहमीची कोणती व काळजीची कोणती

दाढ दुखत नव्हती, केवळ आतून किडली आहे असे दंतवैद्याने सांगितले म्हणून रूट कॅनलची पहिली बैठक झाली आणि दुसऱ्या रात्री ती दाढ अशी ठणकू लागली की झोप उडाली. अशी तक्रार आमच्या अन्नपूर्णा भागातील कुटुंबांत आम्ही वारंवार ऐकतो. ऐकणारा लगेच म्हणतो, "चांगली दाढ बिघडवली!" मग कोणी उपचार अर्धवट टाकतो, कोणी दाढ उपटून घेतो, तर कोणी घरात उरलेल्या जंतुनाशक गोळ्या गिळतो. बहुधा या तिन्हींची गरज नसते. मात्र काही दुखणी अशीही असतात की त्यांत सकाळपर्यंत थांबणे धोक्याचे ठरते. हा भेद कसा ओळखावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम दाढेच्या आत काय केले जाते ते पाहू. दाढेच्या मुळांत बारीक नळ्या असतात आणि त्यांत आपण जिला 'नस' म्हणतो तो मऊ भाग असतो. कीड तेथवर पोचली की तो सडतो. दंतवैद्य वरून छिद्र पाडून केसासारख्या बारीक कानशींनी नळ्या खरवडतो, औषधी पाण्याने धुतो आणि वर तात्पुरते भरण घालून पुढील तारीख देतो. मुळाच्या टोकाशी एक सूक्ष्म छिद्र असते व त्यापलीकडे जबड्याचे जिवंत हाड असते. नस काढली तरी हाड आणि दाताभोवतीचा पडदा जिवंतच राहतो. दाढेत नस उरली नाही, मग दुखते काय, या प्रश्नाचे उत्तर हेच. दुखते ते दाढेबाहेर.

आता नेहमीचे दुखणे. बधिरता दोन-तीन तासांत उतरली की दाढ हुळहुळी होते. तिच्यावर चावले किंवा बोटाने ठोकले की दुखते, एरवी फारसे नाही. साध्या वेदनाशामक गोळीने ते आवरते आणि दोन-तीन दिवसांत ओसरते. आठवडाभर किंचित हुळहुळ राहिली तरी घाबरू नये. येथे दुखण्याची तीव्रता जितकी महत्त्वाची, तितकीच त्याची दिशाही महत्त्वाची. कालच्यापेक्षा आज कमी असेल तर गाडी रुळावर आहे.

दुसरा प्रकार म्हणजे भडका. काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत दुखणे उतरण्याऐवजी चढते, कधी सूज येते आणि ठरल्या तारखेआधीच दंतवैद्याकडे जावे लागते. १९९२ साली अमेरिकेत वॉल्टन व फुआद या दोघांनी ९४६ बैठकींची नोंद ठेवून पाहिले, तेव्हा असा भडका शंभरात सुमारे तीन वेळा आढळला. नस आधीच मेलेल्या आणि पूर्वीपासून दुखत असलेल्या दातांत तो अधिक दिसला.

याची कारणे मुख्यतः तीन. पहिले व सर्वांत मोठे कारण असे की खरवडताना सडका चुरा व त्यातील जंतू कणभर का होईना टोकाच्या छिद्रातून हाडाकडे ढकलले जातात. कितीही जपून काम केले तरी हे पूर्णपणे टळत नाही. मेलेली नस वर्षानुवर्षे मुकी असते, कारण जंतू व शरीर यांनी आपापल्या हद्दी सांभाळलेल्या असतात. ती हद्द हलली की शरीर तेथे रक्त व पाणी धाडते. हाडात पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो आणि दाढ ठणकते. दुसरे कारण म्हणजे एखादी नळी राहून जाणे किंवा तिच्यात थोडी नस शिल्लक राहणे. तिसरे कारण अगदी साधे आहे. तात्पुरते भरण किंचित उंच राहिले की प्रत्येक घासाला सगळा भार त्याच दाढेवर पडतो.

एक उदाहरण घेऊ. खालची पहिली दाढ, नस मेलेली, एक्स-रेत मुळाशी काळी छाया. सोमवारी सायंकाळी पाच वाजता बैठक झाली. रात्री आठला बधिरता उतरली व हुळहुळ सुरू झाली. येथवर सर्व नेहमीचे. मंगळवारी सायंकाळी मात्र ठणका सुरू झाला, दाढ वर उचलल्यासारखी वाटू लागली, गोळीचा उतार दोन तासही टिकेना व हिरडीपाशी लहानशी कठीण सूज आली. ताप नाही, तोंड नीट उघडते, गिळता येते. हा भडका आहे, संकट नव्हे. अशा रोग्याने रात्र गोळीवर व उशी उंच करून काढावी आणि बुधवारी सकाळी दंतवैद्य गाठावा. तो निळ्या कागदावर चावायला सांगून भरण उंच आहे का ते पाहील, दाढ पुन्हा उघडील, आत पू असल्यास वाट देईल, नळ्या धुऊन पुन्हा बंद करील. दाब मोकळा झाला की ठणका बहुधा त्याच दिवशी उतरतो. सूज जायला मात्र तीन-चार दिवस लागतात.

गोळ्यांविषयी. ज्यांस पोटाचा व्रण, मूत्रपिंडाचा विकार, दमा वा गर्भारपण नाही आणि जे रक्त पातळ करणारे औषध घेत नाहीत, अशा प्रौढांस दंतवैद्य बहुधा ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन व ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल जेवणानंतर दिवसातून तीनदा घ्यायला सांगतात. दोन्ही औषधे एकाच गोळीतही मिळतात, म्हणून वेष्टन वाचावे व दुप्पट मात्रा घेऊ नये. जंतुनाशक गोळी ही वेदनाशामक नव्हे. ताप नसेल व सूज पसरत नसेल तर तिचा उपयोग नाही, कारण मेलेल्या नसेत रक्त नसल्याने औषध तेथे पोचतच नाही. हिरडीवर ॲस्पिरीन ठेवू नये, कातडी भाजते. गालावर गरम शेकही देऊ नये.

आता काळजीची चिन्हे. सूज गालावरून डोळ्याकडे किंवा हनुवटीखालून मानेकडे सरकते. अंगात ताप व थंडी भरते. तोंड दोन बोटेही उघडत नाही. थुंकी गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, जीभ वर उचलली जाते किंवा श्वास लागतो. खालच्या दाढांचा पू जिभेखालून मानेत उतरला तर श्वासमार्ग दाबला जातो. या रोगाचे वर्णन जर्मन वैद्य लुडविग याने १८३६ सालीच केले आहे. यांपैकी एकही चिन्ह दिसल्यास सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. शहरात त्यासाठी महाराजा यशवंतराव रुग्णालय आहे. आणखी एक गोष्ट. खुर्चीवर धुण्याचे औषध घालतानाच एकाएकी असह्य आग झाली, मिनिटांत गाल फुगला व पुढे निळसर पडला, तर औषध मुळाबाहेर गेले असे समजावे आणि तेथेच सांगावे.

भडका उठला म्हणजे दाढ गेली असा अर्थ नाही. उपचार पुढे पुरा केल्यास अशी दाढ बाकीच्यांसारखीच टिकते. अर्धवट सोडलेल्या दाढेचे मात्र तात्पुरते भरण काही आठवड्यांत झिजते, लाळ आत शिरते आणि सगळे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते.