लग्नाची तारीख, पानांचा आकडा आणि हप्ते

लग्नाची तयारी साड्या आणि सोन्यापासून सुरू होते, असे बऱ्याच घरांत धरले जाते. खरे तर आधी ठरवावे लागते ते कार्यालय. चातुर्मासात आणि अनेक घरांत पौषातही लग्ने होत नाहीत, त्यामुळे उरलेल्या मोजक्या मुहूर्तांवर सगळ्यांचीच झुंबड उडते. पंचांग चार-पाच तारखा देते, त्यांतली कोणती घ्यायची हे कार्यालयाच्या डायरीवर ठरते. ब्लाऊज महिनाभरात शिवून होतात. गेलेली तारीख परत मिळत नाही.

कार्यालयाचे भाडे म्हणजे कार्यालयाचा एकूण खर्च, हाही गैरसमजच. लाइट बिल, जनरेटरचे डिझेल, स्वच्छता आणि अनामत यांचे आकडे बहुधा वेगळे असतात. काही कार्यालयांत त्यांचाच केटरर घ्यावा लागतो. हे विसार देण्यापूर्वी विचारायचे असते, कारण लग्न रद्द झाले किंवा तारीख पुढे ढकलली तर त्यातले किती परत मिळणार, हे पावतीवरच्या अटींवरून ठरते. तोंडी आश्वासनाचा तेव्हा फारसा उपयोग होत नाही.

सर्वांत जास्त वाद होतात ते जेवणाच्या पानांवरून. जितकी पाने उठतील तितक्यांचेच पैसे, अशी यजमानांची समजूत असते. केटरर मात्र साधारण आठवडाभर आधी किमान पानांचा आकडा घेतो आणि त्यावर शिधा भरतो. समजा, फेब्रुवारीतल्या लग्नाला ४०० जणांना बोलावणे आहे, पान ६०० रुपयांचे आहे आणि ३५० पाने कबूल केली आहेत. ३१० जण जेवले तरी ३५० पानांचे, म्हणजे २,१०,००० रुपये द्यावे लागतात. ३९० जेवले तर ३९० पानांचे. म्हणून आकडा थोडा कमी सांगून वर किती पाने वाढवता येतील आणि कोणत्या दराने, हे लिहून घेणे शहाणपणाचे. पाने मोजताना दोन्ही बाजूंचा एकेक माणूस हजर असावा, नाहीतर रात्री उष्ट्या ताटांच्या ढिगापाशी हुज्जत सुरू होते.

हीच रक्कम रोखीने, पण हप्त्यांत दिली तर अडचण नाही, असेही मानले जाते. नोव्हेंबरात ५०,००० आणि पुढे दोनदा ८०,००० असे दिले तरी आयकर कायदा एका समारंभापोटी एकाच व्यक्तीकडून घेतलेली रोकड एकत्र धरतो. ती २ लाख किंवा त्याहून जास्त घेण्यास मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. म्हणून जाणकार केटरर मोठा हप्ता बँकेतूनच मागतो.

शेवटचा हप्ता कधी द्यायचा, हे कामावर अवलंबून असते. केटररचा हिशेब पाने मोजून झाल्यावर होतो, कार्यालयाची अनामत वीज-भांड्यांची वजावट होऊन परत येते आणि फोटोग्राफरची उरलेली रक्कम अल्बम हाती पडल्यावर द्यावी.