काळी, पांढरी आणि वस्ती

बेळगावच्या खडेबाजारात खरेदीला आलेल्या दोन शेतकऱ्यांना त्यांच्या गावाविषयी विचारावे. निपाणीकडचा शेतकरी एकाच गावाचे नाव सांगेल. खानापूरच्या पश्चिम अंगाचा मात्र आधी गावाचे, मग वाडीचे नाव सांगेल आणि ओढ्याच्या कोणत्या बाजूस घर आहे तेही बहुधा सांगेल. दोन उत्तरांतील हे अंतर जमिनीने आणि पाण्याने पाडलेले आहे.

निपाणीच्या काळ्या रानात घरे एकमेकांना खेटून असतात. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यावर भिंत टिकत नाही, आणि इतकी सुपीक जमीन घरांखाली घालवणेही परवडत नाही. शिवाय बारमाही विहीर जागोजागी लागत नसे. म्हणून उंचवट्यावरची, पुरापासून सुरक्षित, मुरमाड जागा पाहून सारे तेथेच वसले; धामधुमीच्या काळात गावकुसाचाही आधार होता. शेतीच्या जमिनीला आपण काळी म्हणतो, गावठाणाला पांढरी. मातीच्या भिंती शतकानुशतके ढासळून, त्यात चुलीची राख मिसळून गावठाणाची माती खरोखरच फिकट होते. नांगराखाली अशी माती आणि खापरे निघाली, तर तेथे पूर्वी गाव होते असे समजावे.

कणकुंबी-जांबोटीकडे हे सारे पालटते. पाऊस वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक, ओढेझरे ठिकठिकाणी. पाण्यासाठी एकत्र राहण्याची गरज नाही आणि भातखाचरे दरीच्या तळाशी तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. एक खाचर दोन-चार घरांनाच पोसते, तेव्हा घरेही त्याच्या कडेच्या चढावर दोन-चारच. विखुरलेल्या या वस्तीला शाळा आणि दवाखाना लांब पडतो, ही तिची किंमत होय.

तिसरा प्रकार रांगेचा. नदीकाठी गाळ साचून बनलेला लांबट उंचवटा, किंवा डोंगर आणि पाणी यांमधील चिंचोळी पट्टी, एवढीच कोरडी जागा असली म्हणजे घरे ओळीने बसतात. पुणे-बंगळूर रस्त्यालगतची रांग मात्र वाहतुकीने ओढून आणलेली आहे. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मारुतीचे देऊळ, चावडी आणि जुनी विहीर कोठे आहेत ते पाहावे. ती रस्त्यापासून आत, घरांच्या गर्दीत असतील, तर गाव मुळात पुंजक्याचे असून रांग मागाहून फुटलेली आहे.

हा फरक पुराच्या वेळी महाग पडतो. जुन्या माणसांनी पांढरी निवडताना पाणी कोठवर चढते ते पाहिले होते. रस्त्याकडे सरकणारे नवे घर गिऱ्हाईक पाहते. ऑगस्ट 2019 मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. अशा सखल जागी रस्ता भर घालून उचललेला असतो, पण त्याच्या कडेची जमीन पूर्वीइतकीच खाली राहते.

आता विहिरीवर विजेचा पंप आला, ऊस आला. रात्री पाणी पाजायला मळ्यातच राहणे सोयीचे, म्हणून काळ्या रानातही मळ्यांतून घरे उभी राहत आहेत. त्यांचे पाये मात्र मुरूम लागेपर्यंत खोल न्यावे लागतात, नाहीतर दोन-चार पावसाळ्यांतच भिंतींना तिरप्या भेगा पडतात.