विहिरीचा वाढीव खर्च दात्याला कसा कळवला



गेल्या एप्रिलमध्ये एका मंडळीच्या खजिनदारांना मी वाढीव निधीसाठी पत्र लिहिले. केळापूर तालुक्यातील एका कोलाम पोडावर पिण्याच्या पाण्याची विहीर खोदण्यासाठी त्या मंडळीने सहा लाख रुपये दिले होते. पोडावर एकच हापसी, आणि तिच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेहून अधिक. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने मुलांचे दात पिवळे पडतात आणि पुढे हाडे धरतात. म्हणून तिथे उथळ, रुंद विहीर हवी होती.

अंदाजपत्रकात चाळीस फूट खोली धरली होती. वरचे २५ फूट माती-मुरूम, खालचे १५ फूट खडक. प्रत्यक्षात १५ फुटांवरच काळा पाषाण लागला. खोदाईला २,२५,००० धरले होते, ते ३,२०,००० झाले. माझ्या पहिल्या मसुद्यात एवढेच होते: "खोदाईवर ९५ हजार जास्त लागले, कृपया मदत करावी." रात्री तो पुन्हा वाचला तेव्हा मलाच तो पटेना. वाचणारा विचारणार, हे वाढले कशामुळे?

म्हणून फरकाचे दोन भाग केले. खडक दहा फूट जास्त निघाला. जुन्या दराने, फुटाला दहा हजार, त्याचे एक लाख झाले. पण तेवढाच मुरूम कमी निघाला, म्हणजे फुटाला तीन हजारांप्रमाणे तीस हजार वाचले. जमिनीमुळे वाढ झाली ७० हजारांची. उरलेले २५ हजार दराचे: सुरुंगाचा खर्च वाढल्याने ठेकेदाराने खडकाचा दर फुटाला अकरा हजार केला होता. जमिनीचा अंदाज चुकला ती चूक आमची, कारण शेजारच्या शेतातील विहीर पाहून आम्ही मुरूम धरला होता. ते तसेच लिहिले.

आपल्या जिल्ह्यातील निम्न पैनगंगा प्रकल्पाची किंमत १९९७ साली सुमारे १,४०२ कोटी होती, ती २००९ च्या सुधारित मान्यतेत १०,४२९ कोटींवर गेली. अशा सुधारित मान्यतेच्या प्रस्तावातही दरसूचीतील वाढ, भूसंपादन, संकल्पचित्रातील बदल अशी कारणे वेगवेगळी दाखवावी लागतात. आमची विहीर त्यापुढे मुंगीएवढी, पण रीत तीच.

मग एक गोष्ट ध्यानात आली, जी मी जवळजवळ विसरलो होतो. पाषाण उभा राहतो, त्याला आतून बांधकाम लागत नाही. २५ फुटांऐवजी १५ फूटच बांधायचे होते. फुटाला सहा हजारांप्रमाणे ६० हजारांची बचत! म्हणजे खरी तूट ९५ नव्हे, ३५ हजारांची. वाढ तेवढी दाखवून बचत लपवली असती, तर हिशेब तपासताना ती निघालीच असती, आणि पुढच्या पत्रावर कोणी विश्वास ठेवला नसता. दुसऱ्या दात्याने वसतिगृहासाठी दिलेल्या पैशातून ही तूट भरता येत नव्हती. नेमून दिलेला पैसा त्याच कामाला लागतो.

पण चाळीस फुटांवर पाणी बेताचेच होते. पंपाने विहीर उपसली, तर सकाळपर्यंत जेमतेम दीड फूट भरायची. म्हणून तीन पर्याय ठेवले. इथेच थांबायचे, तर ३५ हजार पुरतील, पण उन्हाळ्यात विहीर आटणार. तळाशी बोअर मारायचे, तर आणखी ४० हजार, एकूण ७५ हजार. स्वस्त खरे, पण खोल पाण्यात पुन्हा फ्लोराइड येण्याची भीती. किंवा आणखी दहा फूट खोदायचे, तर १,१०,००० धरून एकूण १,४५,०००. आमची शिफारस तिसऱ्याची होती. तिथेही पाणी लागेलच असे नाही, हेही लिहिले. पाऊस लागल्यावर खोदाई बंद पडते, म्हणून १५ मेपर्यंत उत्तर मागितले. पत्र दीड पानाचे झाले; मोजमापाची वही आणि ठेकेदाराची बिले सोबत जोडली.

खजिनदारांनी फोनवर एकच प्रश्न विचारला: "भाऊ, पाणी आधीच लागलं तर?" मी म्हटले, तिथेच थांबू. त्यांनी पैसे दोन हप्त्यांत दिले, दुसरा ४५ फुटांचे मोजमाप पाहून.

४७ फुटांवर पाषाणाच्या भेगेतून पाणी आले. आता उपसलेली विहीर रात्रीतून सात फूट भरते, आणि तपासणीत फ्लोराइड मर्यादेच्या आत निघाले. न खोदलेल्या तीन फुटांचे ३३ हजार शिल्लक आहेत. ते परत पाठवावेत की विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी, हे विचारणारे पत्र मागच्याच आठवड्यात टाकले आहे.