पडद्यावरचे ॲव्हरेज आणि टाकीचा हिशेब

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी खंडाळा मागे टाकून बोरघाट उतरू लागते आणि चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो. त्याच क्षणी स्पीडोमीटरशेजारच्या छोट्या पडद्यावरचा आकडा उसळी घेतो. लिटरला पंधरा-सोळा किलोमीटर दाखवणारी गाडी एकदम 30, 50, काही मॉडेलांत थेट 99.9 दाखवू लागते. परतीला त्याच घाटात चढताना आकडा सहा-सातवर उतरतो. दोन्ही वेळा पडदा बरोबरच असतो. तरीही पुढच्या वेळी पंपावर टाकी फुल करून किलोमीटरला लिटरने भागले, की येणारे उत्तर पडद्यावरच्या सरासरीशी सहसा जुळत नाही. बहुतेक वेळा पडद्याचा आकडा थोडा चढाच असतो. गाडीवाल्याला मग वाटते, एकतर कंपनी फसवते आहे किंवा पंपवाला.

दोघांवर संशय घेण्याआधी हे दोन आकडे कुठून येतात ते पाहायला हवे.

गाडीतला संगणक, म्हणजे ईसीयू, टाकीतले पेट्रोल मोजत नाही. टाकीतला फ्लोट फक्त इंधनाचा काटा हलवण्यापुरता असतो. डुचमळणाऱ्या टाकीतून त्याला मिलिलिटरचा हिशेब देता येत नाही. ईसीयू मोजतो तो इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळ. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरचा इंजेक्टर मिनिटाला 1000 वेळा उघडतो, आणि दर वेळी उघडा राहतो जेमतेम काही मिलिसेकंद. ठरावीक दाबाखाली एका मिलिसेकंदात किती इंधन बाहेर पडते, हे कारखान्यात त्या इंजेक्टरच्या नमुन्यावर मोजून ईसीयूत भरलेले असते. उघडण्याचा वेळ गुणिले हा प्रवाह, आणि त्याची सतत चाललेली बेरीज, हे झाले पडद्याचे लिटर. किलोमीटर मिळतात चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरकडून.

क्षणाचे ॲव्हरेज म्हणजे त्या घडीचा वेग भागिले त्या घडीचा इंधनप्रवाह. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते, पाय ॲक्सिलरेटरवर नसतो आणि चाकेच इंजिन फिरवत असतात. अशा वेळी ईसीयू इंजेक्टर पूर्ण बंद करतो. भागाकारात खाली शून्य आले की उत्तर अनंत, म्हणून पडदा आपल्या मर्यादेचा सगळ्यात मोठा आकडा दाखवून थांबतो. इंजिनाचे फेरे आयडलिंगच्या जवळ आले की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. म्हणूनच घाटात गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचत नाही. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला इंधन जातच राहते, आणि इंजिनाची ब्रेक लावणारी ताकदही हातची जाते. सिग्नलला उभ्या गाडीत याच्या उलट होते: वेग शून्य, इंधन चालू, म्हणून ॲव्हरेज शून्य. छोट्या पेट्रोल इंजिनाला नुसते उभे राहायलाही तासाला साधारण पाऊण लिटर लागते. एसी सुरू असेल तर त्याहून जास्त.

क्षणाचे आकडे बघत गेलेला माणूस मनातल्या मनात त्यांची सरासरी काढतो आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. समजा, गाडी दहा किलोमीटर घाट चढली 7 च्या ॲव्हरेजने आणि दहा किलोमीटर उतरली 99 दाखवत. दोन्हींची सरासरी 53 येते. प्रत्यक्षात चढताना 1.43 लिटर गेले, उतरताना जवळजवळ काहीच नाही. वीस किलोमीटरला 1.43 लिटर, म्हणजे 14. पडद्यावरचे सरासरी ॲव्हरेज हाच दुसरा हिशेब करते: रिसेट केल्यापासूनचे एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर. म्हणूनच रिसेट केल्यावर पहिल्या काही किलोमीटरांत ते भराभर वरखाली होते आणि हजार किलोमीटरनंतर जागचे हलत नाही. आता टाकीच्या हिशेबाशी तुलना करायची, तर दोन्हींचा आरंभ एकाच ठिकाणी हवा. कित्येक गाड्यांत इंधन भरल्यावर किंवा इंजिन काही तास बंद राहिल्यावर एक सरासरी आपोआप पुसली जाते, दुसरी महिनोन्महिने चालू राहते. अर्ध्या तक्रारी या दोन सरासऱ्यांच्या गल्लतीतून येतात. टाकी फुल करतानाच ट्रिप मीटर आणि सरासरी दोन्ही हाताने शून्यावर आणणे, हा त्यावरचा उपाय.

एवढे करूनही फरक उरतोच. पण सगळा दोष पडद्याचा नसतो. टाकीचा हिशेबही दिसतो तितका पक्का नाही. नोझलच्या टोकाशी असलेले छिद्र इंधनाने किंवा फेसाने झाकले, की ऑटोकट होतो. तो कधी होईल हे पंपाचा वेग, नोझल किती आत खुपसले आहे, जमिनीचा उतार आणि टाकीच्या कोपऱ्यात अडकलेली हवा यांवर ठरते. एकदा लवकर, एकदा उशिरा कट झाला, तर एक लिटरचा फरक सहज पडतो. वीस-बावीस लिटर भरणाऱ्या गाडीत एक लिटर म्हणजे सुमारे पाच टक्के.

एक कल्पित पण अगदी शक्यतेतले उदाहरण सविस्तर पाहू. एका पेट्रोल हॅचबॅकने टाकी फुल करून 412 किलोमीटर काटले. पुन्हा फुल करायला 22.4 लिटर लागले. टाकीचे ॲव्हरेज 18.4, पडद्याचे 19.6. मालक वैतागला. पुढच्या खेपेला 436 किलोमीटर आणि 21.7 लिटर: टाकीने दिले 20.1, पडद्याने 19.4. म्हणजे आता पडदाच कमी दाखवतो आहे. तिसऱ्यांदा 405 किलोमीटर, 22.1 लिटर: टाकी 18.3, पडदा 19.5. टाकीचा आकडा पावणेदोन किलोमीटरने वरखाली झाला, पडद्याचा जवळपास जागेवरच राहिला. गाडी किंवा चालवण्याची पद्धत बदलली असती, तर पडदाही हलला असता. हलली ती टाकीतली पातळी.

तिन्ही खेपांची बेरीज केली की चित्र स्वच्छ होते. एकूण 1253 किलोमीटर, पंपावरून घेतलेले 66.2 लिटर, म्हणजे 18.9. पडद्याच्या मते (प्रत्येक खेपेचे किलोमीटर भागिले त्या खेपेचे ॲव्हरेज) जळले 64.3 लिटर, म्हणजे 19.5. पहिल्या टाकीला साडेसहा टक्के वाटणारा फरक तीन टक्क्यांवर स्थिरावला. बेरजेत मधल्या सगळ्या ऑटोकटच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. उरते फक्त पहिल्या आणि शेवटच्या पातळीतली चूक, आणि ती आता 22 ऐवजी 66 लिटरांत विभागली जाते. याला अट एकच: दर वेळी टाकी फुलच हवी, शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या ऑटोकटपर्यंत. मध्ये कधी ‘दोन हजारांचे टाका’ झाले, तर ते लिटरही वहीत लिहून बेरजेत धरावे लागतात.

मग हे तीन टक्के कुठले? पंपाचा वाटा इथे सहसा लहान असतो. वैधमापन शास्त्र विभागाच्या नियमानुसार पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचीच चूक चालते, म्हणजे अर्धा टक्का. आणि पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून दाखवा, असे ग्राहक कोणत्याही पंपावर सांगू शकतो. मोठा वाटा ईसीयूने गृहीत धरलेल्या गोष्टींचा असतो. प्रत्येक इंजेक्टर कारखान्यातल्या नमुन्यासारखा तंतोतंत नसतो. पेट्रोलही सगळीकडे सारखे नसते: भारतीय मानकानुसार 15 अंशांना त्याची घनता घनमीटरला 720 ते 775 किलो यांमध्ये कुठेही असू शकते. शिवाय तापमान एक अंशाने वाढले की पेट्रोलचे आकारमान सुमारे हजारात एक भागाने वाढते. पंपाखालच्या जमिनीतल्या टाकीतले पेट्रोल आणि तापलेल्या बॉनेटखालच्या इंजेक्टरमधले पेट्रोल यांच्यात वीस अंशांचा फरक असेल, तर एकच लिटर दोन ठिकाणी दोन टक्क्यांनी वेगळा भरतो.

टायरवर मात्र या फरकाचे खापर फोडता येत नाही. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, त्यामुळे मीटर तेवढ्याच रस्त्याला एक-दोन टक्के जास्त किलोमीटर मोजतो. पण पडदा आणि टाकीचा हिशेब, दोघेही तेच किलोमीटर वापरतात. दोन्ही उत्तरे सारखीच फुगतात आणि त्यांच्यातले अंतर तसेच राहते.

मोबाइलमधल्या ॲपचे प्रकरण वेगळे आहे. डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खुंटी लावून ॲव्हरेज दाखवणारी काही ॲप्स इंजेक्टरऐवजी आत येणारी हवा मोजतात आणि पेट्रोलच्या एका भागाला हवेचे 14.7 भाग असे ठरलेले गुणोत्तर लावून इंधन काढतात. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी हे गुणोत्तर साडेतेराच्या आसपास असते. जुन्या गुणोत्तरावर चालणारे ॲप त्यामुळे जळालेले इंधन सात-आठ टक्के कमी धरते आणि ॲव्हरेज तेवढे फुगवून सांगते.

गाडी घेताना सांगितला जाणारा आकडा या दोन्ही वाटांनी येतच नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत गाडी रोलरवर ठरलेल्या वेगक्रमाने चालवतात, धूर गोळा करतात आणि त्यातल्या कार्बनवरून किती इंधन जळाले असेल ते काढतात. तिथे ना खड्डे, ना घाट, ना सिग्नल. रस्त्यावरच्या आकड्याची त्याच्याशी तुलना करून गाडीत बिघाड शोधायला जाऊ नये.

बिघाड शोधायला उपयोगी पडते ते पडदा आणि टाकी यांच्यातले नेहमीचे अंतर. चार-पाच फुल टाक्यांची बेरीज करून ते एकदा काढून ठेवावे. दोन्ही आकडे एकत्र घसरले आणि अंतर तेवढेच राहिले, तर कारण रस्त्यावर किंवा गाडीच्या ओढीत आहे: टायरमधली हवा, धरून बसलेला ब्रेक, वाढलेला ट्रॅफिक. पडदा तसाच राहून फक्त टाकीचा आकडा सलग दोन-तीन वेळा खाली आला, तर इंधन इंजेक्टरपर्यंत पोचण्याआधीच कुठेतरी जाते आहे. गळती तपासावी, मग पंपावर पाच लिटरचे माप मागावे. आणि टाकीचा आकडा स्थिर असताना पडद्याचाच घसरू लागला, तर इंजेक्टर चोंदत असण्याची शक्यता आहे. तेवढ्याच पेट्रोलसाठी तो जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो आणि ईसीयू त्या वेळेलाच जास्त इंधन समजतो. अशी गाडी मेकॅनिककडे नेताना तीन-चार टाक्यांचे दोन्ही आकडे लिहिलेली वही सोबत न्यावी.